किल्ली बरोबर आहे तरी कुलूप उघडंना: गंज, माती आणि तेल, काय करायचं अन् काय नाही

शेतावरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप, आखाड्याच्या दाराचं, गावाकडच्या बंद घराचं, ही अशी कुलपं आहेत जी आपण लावतो आणि मग दोन-दोन महिने त्याच्याकडं बघत नाही. पावसाळाभर ते तिथंच लटकतं, आणि ज्या दिवशी खरंच घाई असते त्याच दिवशी किल्ली आत जात नाही, नाहीतर गेली तर फिरत नाही. माझ्यासोबत गेल्या वर्षी दसऱ्यानंतर असंच झालं. आमचं शेत परभणी जिल्ह्यात जिंतूरकडं, त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, आणि रात्री साडेबारा वाजता मी बॅटरी तोंडात धरून स्टार्टरच्या खोलीपुढं उभा. किल्ली तीच, कुलूप तेच, पण उघडंना. दोन तास गेले, पण न तोडता उघडलं. त्या दोन तासांत आणि नंतर कुलूप हातात घेऊन बसल्यावर जे कळलं ते सगळं इथं क्रमानं लिहितोय. पहिल्यांदा असं कुलूप समोर आलेल्या माणसानं वरून खाली वाचत जावं आणि तसंच करत जावं, मधलं टाळू नये.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं स्वतःच्या कुलपासाठी आहे. भाड्याच्या खोलीचं असेल तर मालकाला फोन करून विचारा, आणि बँकेनं नाहीतर कोर्टानं सील केलेलं कुलूप असेल तर त्याला हातच लावू नका.

१. आधी किल्लीवरचा जोर काढा

किल्ली फिरत नाही म्हटलं की आपला हात आपोआप पकडीकडं जातो. इथंच कुलूप मरतं. किल्ली बहुतेक वेळा पितळेची असते, पितळ मऊ, पकडीनं पिळलं की आधी पीळ पडतो आणि मग दात्यापाशी तुटते, आणि तुटलेला तुकडा आत राहिला की साधं काम अवघड होऊन बसतं. म्हणून नियम असा ठेवा की अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्या दोघांत जेवढा जोर येतो तेवढाच द्यायचा. तेवढ्यात फिरलं नाही तर कारण शोधायचं, जोर वाढवायचा नाही.

कारण समजायला आत काय आहे ते थोडं माहीत पाहिजे. साध्या पिनांच्या कुलपात एक गोल नळी असते जी किल्लीबरोबर फिरते, आणि तिच्यावर ओळीनं बारीक पिना स्प्रिंगवर बसलेल्या असतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. बरोबर किल्ली घातली की दात्यांमुळं सगळ्या पिना अशा उंचीला येतात की दोन तुकड्यांमधली फट एका रेषेत येते आणि नळी मोकळी होते. आता समजा पाचातली एकच पिन मातीनं किंवा गंजानं चिकटून बसली, वर जाईना किंवा खाली येईना, तर कुलपाच्या दृष्टीनं तुमची बरोबर किल्ली आणि शेजाऱ्याची किल्ली सारखीच. अंगावर ६ लिव्हर, ७ लिव्हर असं कोरलेली जी कुलपं असतात त्यात पिनांच्या जागी पातळ पट्ट्या असतात, पण हिशोब तोच, एक पट्टी अडकली की सगळं अडकलं. म्हणून जोरानं काही होत नाही, चिकटलेली पिन सुटली पाहिजे.

२. कुठं अडकलंय ते ओळखा

अडकण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे, त्यामुळं या पायरीला पाच मिनिटं द्या.

पहिला प्रकार, किल्ली पूर्ण आत जातच नाही. चांगलं कुलूप असताना किल्लीचा खांदा कुलपाला टेकतो. आता दोन-चार मिलिमीटर बाहेर राहतोय म्हणजे आत काहीतरी भरलंय, माती, कापसाचा धागा, काडी, नाहीतर कुणा पोरानं घातलेला आगपेटीच्या काडीचा तुकडा.

दुसरा, किल्ली पूर्ण जाते पण अजिबात फिरत नाही. म्हणजे पिना चिकटल्यात, नाहीतर किल्ली झिजली, नाहीतर कडीवर ताण आहे.

तिसरा, किल्ली फिरते पण वरची कडी सुटत नाही. म्हणजे आतला भाग ठीक आहे, कडीचं टोक गंजानं धरलंय.

चौथाही एक आहे, किल्ली नुसती गोल गोल फिरत राहते, कुठंच अटकाव लागत नाही. तो आतला भाग तुटल्याचा प्रकार, त्यात तेलबिल काही उपयोगाचं नाही, सरळ पायरी ८ वर जा.

आणि हो, हे सगळं बघायच्या आधी किल्ली खरंच बरोबर आहे का ते बघा. मी बरोबरचा अर्थ असा म्हणतोय की कुलपासोबत आलेली मूळ किल्ली. आपण डुप्लिकेट करतो, मग त्या डुप्लिकेटवरून अजून एक करतो, आणि प्रत्येक वेळी दात्यात थोडा थोडा फरक वाढत जातो. नवीन कुलपात ती चालून जाते, पण आत थोडी घाण बसली की हीच किल्ली सगळ्यात आधी दगा देते. घरी मूळ किल्ली असेल तर पोराला गाडीवर पाठवा आणि ती मागवा, बऱ्याच वेळा तिथंच विषय मिटतो.

३. सामान गोळा करा

- बॅटरी, शक्यतो डोक्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे
- जुना टूथब्रश आणि सुती फडकं
- सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक बारीक धागा, टोकाला अगदी किंचित वाकवलेला
- सायकलचा पंप आणि फुटबॉलमधे हवा भरायची पिन
- नळी असलेला गंज सोडवायचा स्प्रे, डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच कुठलाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो
- लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर किंवा छोटा लाकडी ठोकळा
- नंतरच्या कामासाठी ४बी किंवा ६बी पेन्सिल, नाहीतर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे

सुई आणि टाचणी या यादीत नाही, मुद्दाम. सुई कडक असते, वाकत नाही, कट्कन मोडते आणि टोक आत राहतं. ब्रेकच्या वायरीचा धागा लवचिक असतो, तो असा मोडत नाही.

४. आधी कोरडी सफाई, थेंबभरही काही ओतायचं नाही

सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात आणि मी पण चुकलो असतो. कुलूप अडकलं की पहिलं तेल. पण आत माती असेल आणि त्यावर तेल गेलं तर काय होतं, आपल्याकडच्या काळ्या मातीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, चिखल होतो आणि तो चिखल पिनांच्या भोकात जाऊन बसतो. कोरडी माती झटकून निघते, तेलातली निघत नाही.

माझ्या कुलपात किल्ली चार मिलिमीटर बाहेर राहत होती. बॅटरी मारून बघितलं तर आत गुळगुळीत मातीचा बोळा. कुंभारमाशीचं काम. ही माशी ओली माती आणून बारीक भोकात घर करते, भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात, पाईपच्या टोकात, आणि कुलपाच्या भोकात पण. खाली तोंड करून लटकलेलं, वारा पाऊस न लागणारं भोक तिला अगदी सोयीचं. तुमचं कुलूप आखाड्यावर असेल तर गंजाच्या आधी हिचाच संशय घ्या.

करायचं असं. किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवा म्हणजे निघालेली माती बाहेर पडंल. वायरीच्या धाग्यानं हलक्या हातानं बोळा कोरा, पुढं ढकलू नका, आपल्याकडं ओढा. थोडं निघालं की कुलपाच्या अंगावर लाकडी मुठीनं टकटक करा, मग परत कोरा. मोठा भाग निघाला की पंपाला फुटबॉलची पिन लावून ती भोकात घाला आणि दहा-बारा वेळा हवा मारा. डोळे बाजूला ठेवा किंवा चष्मा घाला, कारण ती माती सरळ तोंडावर येते. कम्प्रेसरची हवा मिळाली तर अजून चांगलं, पण लटकलेलं कुलूप पंक्चरच्या दुकानात कसं नेणार, म्हणून पंप.

टूथब्रशनं बाहेरचं भोक आणि वर कडी जिथं आत जाते ती दोन भोकं पण साफ करा. किल्लीवर पण माती असते, ती पुसून घ्या. आता किल्ली घालून बघा, खांदा टेकला का. माझी टेकली. फिरली मात्र नाही.

५. कडीवरचा ताण काढा

या पायरीला एक रुपया लागत नाही आणि बरीच कुलपं इथंच उघडतात, तरी कुणी करत नाही.

कुलपाच्या कडीला आतून एक बोल्ट अडकवून धरतो. दार खाली बसलं असेल, बिजागरी ढिली झाली असेल, किंवा साखळी ताणून कुलूप लावलं असेल तर कोयंडा कडीला सतत ओढत राहतो, कडी त्या बोल्टवर दाबून बसते, आणि बोल्ट सरकायला मोकळीक राहत नाही. तुम्ही किल्ली फिरवताय आणि दाराचं सगळं वजन उलट्या बाजूनं धरून बसलंय.

म्हणून दोन गोष्टी करा. दुसऱ्या माणसाला दार उचलून किंवा ढकलून धरायला लावा, कोयंड्यात कुलूप सैल हललं पाहिजे. आणि किल्ली फिरवताना कुलूप खाली ओढायचं नाही, उलट कडी कुलपात आत दाबायची आणि तशीच दाबून धरून किल्ली फिरवायची. आपली सवय नेमकी याच्या उलट असते, आपण ओढत ओढत फिरवतो.

आमच्या खोलीचं पत्र्याचं दार पावसात बोटभर खाली आलं होतं. मी एकटाच होतो म्हणून पहार खाली सारून दार उचललं आणि खाली दगड लावला. कुलूप सैल झालं. किल्ली किंचित हलल्यासारखी वाटली, पण तेवढंच.

६. आता स्प्रे, आणि वाट बघणं

गंज आणि जुनं चिकटलेलं तेल, दोन्हीला आता पातळ काहीतरी लागतं जे बारीक फटीत शिरंल. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं जी फट आधीच केसाएवढी होती ती भरून जाते. जाड तेल तिथं जातच नाही, हे स्प्रे जातात.

पण आधी सावधगिरी. हे स्प्रे पेट घेतात. स्टार्टरच्या पेटीचं कुलूप असेल तर मेन स्विच पाडल्याशिवाय मारू नका, आत कॉन्टॅक्टर पडताना ठिणगी पडते आणि ओलं फडकं घेऊन थ्री फेजच्या पेटीशी खेळणं बरं नाही. बिडी, काडेपेटी लांब.

दुसरी अडचण अशी की लटकलेल्या कुलपात किल्लीचं भोक खाली असतं. तसंच मारलं तर सगळं हातावर येतं, आत काही राहत नाही. म्हणून कुलूप कोयंड्यातच फिरवून उलटं करा, भोक वर आलं पाहिजे, आणि सुतळीनं तसंच बांधून ठेवा. उलटं होत नसेल तर निदान आडवं तरी करा.

नळी भोकात घालून एक सेकंद दाबा, बास. मग थांबा. किमान १५ ते २० मिनिटं. हे थांबणंच खरं औषध आहे, लोक मारतात आणि लगेच पिळायला लागतात. वीस मिनिटांनी किल्ली आत-बाहेर करा, फिरवायची नाही, नुसती आत-बाहेर, वीसेक वेळा, आणि दर तीन-चार वेळा बाहेर काढून फडक्याला पुसा. फडक्यावर काय येतंय ते बघत जा. लाल-तपकिरी आलं तर गंज, राखाडी-काळं आलं तर माती, आणि चिकट मधासारखं पिवळट तपकिरी आलं तर कुणीतरी खायचं तेल घातलंय.

माझ्या फडक्यावर तिसरं आलं. आणि ते मीच घातलं होतं, वर्षापूर्वी, करडीचं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

फडकं बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत हेच दोन-तीन वेळा करा. मग किल्ली पूर्ण घाला, कडी आत दाबा, दोन बोटांच्या जोरानं फिरवायचा ताण द्या आणि दुसऱ्या हातानं लाकडी मुठीनं कुलपाच्या अंगावर हलके टोले मारा. हातोडीनं नाही. टोल्यानं अडकलेली पिन उडते आणि त्याच क्षणी किल्लीवर थोडा ताण असेल तर नळी फिरते. नाही फिरलं तर किल्ली केसभर, मिलिमीटरसुद्धा नाही, बाहेर ओढून परत ताण देऊन बघा. किल्ली झिजलेली असेल तर ती पूर्ण आत असताना पिना योग्य उंचीला येत नाहीत, किंचित मागं घेतल्यावर येतात.

माझं तिसऱ्या फेरीला फिरलं. पण कडी सुटली नाही, म्हणजे दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्या प्रकारात आलो. अशा वेळी किल्ली सोडून द्या आणि कडीकडं बघा. पावसाचं पाणी किल्लीच्या भोकातून फारसं जात नाही, ते भोक तर खाली असतं. पाणी जातं वरून, कडी जिथं कुलपात शिरते त्या दोन भोकांतून, आणि तिथंच कडीवरचं चमकणारं पॉलिश उडून गंज धरतो. आता कुलूप सरळ करा, त्या दोन्ही भोकांत थोडा थोडा स्प्रे मारा, आणि परत थांबा. मग किल्ली फिरवलेली धरून कडी आत दाबा, सोडा, दाबा, सोडा. नुसतं ओढण्यापेक्षा या मागं-पुढं करण्यानं गंज फुटतो. रात्रभर थांबता येत असेल तर थांबा, मला शक्य नव्हतं, मला अर्धा तास लागला.

किल्ली फिरताना अचानक मऊ लागली, रबरासारखी, तर ताबडतोब थांबा. ती पिळली जातेय, तुटायच्या आधीची खूण आहे. आणि तुटलीच तर उरलेला तुकडा घालून ढकलू नका, फेविक्विक लावून चिकटवायचा उद्योग तर अजिबात करू नका, गोंद पिनांना लागला की कुलूप कायमचं गेलं. थोडा स्प्रे मारून, मग भोक खाली करून, बारीक नक्षीकामाच्या करवतीचं पातं दाते बाहेरच्या बाजूला ठेवून किल्लीच्या कडेनं सरकवा आणि ओढा, दात्याला दाता अडकून तुकडा येतो. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा तुटताना किल्ली सरळ उभी होती. अर्धी फिरलेल्या अवस्थेत तुटली तर पिना तिला सोडत नाहीत, मग चावीवाला बोलवा.

७. उघडलं म्हणून परत लावू नका

हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. उघडलं की आनंदात आपण पाणी चालू करतो, जाताना तेच कुलूप परत लावतो, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. स्प्रे उडून जाईपर्यंत ते चालतं, नंतर आतली घाण पुन्हा बसते. त्या रात्री दुसरं कुलूप लावा, नाहीतर वायर पिळून ठेवा, पण हे कुलूप घरी आणा.

घरी उघडं कुलूप हातात घेऊन आतून धुवायचं. त्याच स्प्रेनं भोकातून आणि वरच्या भोकांतून मारायचं आणि खालून जे पडतं ते पांढऱ्या कागदावर बघायचं, पातळ स्वच्छ येईपर्यंत. रॉकेल मिळालं तर वाटीत घालून कुलूप बुडवून हलवलं तरी चालतं, हल्ली रॉकेल कुठं मिळतं म्हणा, डिझेल पण चालतं फक्त त्याचा तेलकटपणा मागं राहतो. हे उघड्यावर करा, चुलीजवळ नाही. मग भोक खाली करून, झटकून, दिवसभर उन्हात ठेवा. विस्तवावर धरून वाळवू नका. स्प्रिंगा उष्णतेनं ढिल्या पडतात, आणि बरीच स्वस्त कुलपं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, तो धातू ४०० अंशांच्या आतच वितळतो.

वाळल्यावर आता वंगण, आणि इथं थोडं सविस्तर सांगतो कामून की सगळी गडबड इथूनच सुरू होते.

घरात जे तेल असतं ते कुलपात घालायचं नाही. करडी आणि जवस ही तर वाळणारी तेलं आहेत, हवेत राहिली की हळूहळू घट्ट होऊन त्यांची पातळ कातडी तयार होते. म्हणून तर जवसाचं तेल रंगात आणि व्हार्निशमधे वापरतात, करडीचं पण वापरतात. आपल्याकडं करडी घराघरात, आणि हात तिकडंच जातो. घातल्या दिवशी कुलूप लोण्यासारखं फिरतं, वर्षानं तेच तेल पिनांभोवती व्हार्निश होऊन बसतं. खोबरेल वाळत नाही पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि परभणीची डिसेंबरची पहाट किती गार असते ते तुम्हाला माहीतच आहे, बाटलीतलं गोठतं तसं कुलपातलं पण गोठतं. शेंगदाण्याचं पण हळूहळू चिकट होतं. गाडीचं जळकं ऑइल सगळ्यात लोकप्रिय आणि तेवढंच वाईट, त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. ग्रीस कडीला बाहेरून ठीक, पण आत नाही, पिनांच्या स्प्रिंगा एवढ्या नाजूक असतात की ग्रीसमधे त्या पिन ढकलूच शकत नाहीत. लिंबू, मीठ, व्हिनेगर यानं गंज जातो हे खरं आहे, पण बंद कुलपातून ते पूर्ण धुवून निघत नाही आणि राहिलेलं नवीन गंज आणतं.

तर मग घालायचं काय. धुळीच्या जागी कोरडं वंगण चांगलं, त्याला धूळ चिकटत नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे पेन्सिल. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाईट आणि माती असते, आणि जेवढी पेन्सिल मऊ तेवढं ग्रॅफाईट जास्त, म्हणून ४बी, ६बी. किल्लीच्या दोन्ही अंगांना आणि दात्यांना पेन्सिल घासून काळीभोर करा, घाला, काढा, फिरवा, परत घासा, असं दहा-पंधरा वेळा. अट एकच, आत तेलाचा अंश नको, नाहीतर ग्रॅफाईट आणि तेल मिळून काळा लगदा होतो. डिझेलनं धुतलं असेल किंवा नुकताच स्प्रे मारला असेल तर पेन्सिल नको. कुलूप उघड्यावर पावसात राहणार असेल तर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे जास्त टिकतो. दोन्हीपैकी एकच काहीतरी निवडा आणि पुढं तेच वापरत राहा.

कडीला मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि वरचं फडक्यानं पुसून घ्या.

मग लगेच नेऊन लावू नका. हातात उघडं धरूनच कडी दाबून बंद करा, किल्लीनं उघडा, असं दहा वेळा. दहाही वेळा दोन बोटांत उघडलं तर ते कुलूप परत शेतावर जाऊ द्या. एकदाही अडकलं तर ते घरात कपाटाला लावा, बाहेर नको.

८. कधी सोडून द्यायचं

तीन फेऱ्या झाल्या, रात्रभर स्प्रे मुरला, मूळ किल्ली वापरली, ताण काढला, तरी काही नाही, तर चावीवाल्याला बोलवा. तो पण म्हणाला कापा तर कापा. कुलूप गेलं तर गेलं, कोयंडा आणि दार वाचवायचं. हॅक्सॉनं कडी कापायला बसू नका, चांगल्या कुलपाची कडी कडक केलेली असते, पातं नुसतं घसरतं. बोल्ट कटर किंवा ग्राइंडर लागतो. आणि ग्राइंडर लावायचा असेल तर आधी मारलेला सगळा स्प्रे पुसून वाळू द्या, नाहीतर ठिणगीनं पेट घेईल. आजूबाजूला कडबा, सोयाबीनचा भुसा असेल तर ग्राइंडर नकोच, कटरच बघा.

९. पुढच्या वेळी अडकू नये म्हणून

माझा आता वर्षातून दोनदा नेम आहे. एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, जेव्हा रब्बीची मोटार चालू करायची असते. हवा मारायची, किल्लीला पेन्सिल, कडीला थेंबभर तेल, पाच मिनिटाचं काम.

पावसासाठी कुलपावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, ती बांधू नका. दिवसा तापतं, रात्री गार होतं, आतल्या आत दव सुटतं आणि कुलूप त्यातच भिजत बसतं. त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून कोयंड्याच्या वर खिळ्यानं मारा, झडपेसारखा पुढं लोंबकळू द्या, पाणी वरून ओघळून जातं आणि खालून हवा लागते. कुलपाच्या बुडाला किल्लीच्या भोकाशिवाय एखादं बारीक छिद्र असेल तर ते पाणी निघायला असतं, ते बुजवू नका.

गोठ्याचं कुलूप आणि खताच्या खोलीचं कुलूप याला जास्त लक्ष द्या. खताची पूड हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. आणि जनावराच्या मुतातून अमोनिया सुटतो, तो पितळेला वाईट, ताण असलेल्या पितळेला त्यानं बारीक चिरा पडतात. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या बंदुकीच्या काडतुसांची पितळी नळकांडी अशीच तडकायची, ते अमोनियामुळं होतं हे नंतर कळलं. गोठ्याच्या दाराला मी पितळेचं महागाचं कुलूप काढून साधं लोखंडी लावलंय आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.

मूळ किल्ली घरी दोऱ्यात बांधून ठेवा, तिच्यावर कुठल्या दाराची ते लिहा, आणि डुप्लिकेट करायची झाली तर तिच्यावरूनच करा. रोज वापरायची ती डुप्लिकेट. आणि रोजच्या किल्लीवर, ती पूर्ण आत गेल्यावर जिथंपर्यंत कुलपाला टेकते तिथं खिळ्यानं एक बारीक रेघ ओढून ठेवा. रात्री बॅटरीच्या उजेडात ती रेघ बाहेर दिसली की समजायचं, आत माती आहे, तेलाची बाटली नको, पंप आणा.